माहूरच्या उतारावरील तुषार सिंचन : नोझलची निवड, तोट्यांतील अंतर आणि पाण्याची समानता

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या दक्षिण काठावर वसलेल्या माहूर तालुक्यात सपाट शिवार कमी आणि चढउतार जास्त आहेत. नदी आणि नाल्यांच्या काठाने खोल काळी जमीन आढळते, तर डोंगराच्या कुशीकडे जाताना तिची खोली झपाट्याने कमी होत जाऊन काही हातांच्या अंतरातच मुरूम उघडा पडतो. खरिपातील सोयाबीन निघाल्यानंतर याच जमिनीत हरभरा घेतला जातो आणि विहिरीत जे पाणी उरले असेल त्यातून त्याला एक किंवा दोन पाळ्या देण्यासाठी तुषार संच मांडला जातो. सऱ्यांनी किंवा मोकाट पद्धतीने पाणी देताना उताराची जमीन धुपते, तर काळ्या जमिनीत पाणी साचून हरभरा उभळतो, म्हणजे मुळे गुदमरून पीक पिवळे पडते आणि जागच्या जागी वाळते; या दोन्ही अडचणींवर तुषार सिंचन हा उपाय ठरू शकतो. मात्र तो उपाय ठरतो की नाही, हे पाइप आणि पंप यांपेक्षा बरेचसे तोटीच्या तोंडाशी बसवलेल्या, काही मिलिमीटर व्यासाच्या छिद्रावर अवलंबून असते, आणि नेमकी हीच निवड बहुतेक वेळा दुकानातून संच येतानाच होऊन गेलेली असते.

संचाची रचना साधी असते. पंपापासून निघालेल्या मुख्य नळीला उपनळी जोडली जाते, उपनळी सहा मीटर लांबीच्या एचडीपीई पाइपांची बनते, ठरावीक जोडांवर सुमारे पाऊण ते एक मीटर उंचीचा उभा पाइप म्हणजे रायझर बसवतात आणि त्यावर फिरणारी तुषार तोटी असते. गावात या संपूर्ण तोटीलाच नोझल म्हणण्याची रीत असली, तरी येथे नोझल हा शब्द तोटीतील पितळी किंवा प्लास्टिकच्या ज्या तुकड्यातून पाण्याची धार बाहेर पडते त्या तुकड्यापुरताच वापरला आहे. धारेच्या आघाताने हलणारा दांडा स्प्रिंगच्या ओढीने परत येऊन तोटीला टोला देतो आणि ती थोडी थोडी फिरत राहते. ही आघाती तोटी ऑर्टन एंगलहार्ट या कॅलिफोर्नियातील शेतकऱ्याने १९३३ साली तयार केली आणि आजही शेतातील संचांत मुख्यतः तीच दिसते. अनेक तोट्यांना दोन नोझल असतात : पुढचे मोठे नोझल लांबवर पाणी फेकते, तर मागचे लहान नोझल तोटीच्या जवळचा भाग भिजवते.

नोझलमधून किती पाणी बाहेर पडते हे दोनच गोष्टींवर ठरते, छिद्राच्या क्षेत्रफळावर आणि पाण्याच्या दाबावर. यांतील क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून व्यासातील अर्धा मिलिमीटरचा फरकही मोठा ठरतो. दाबाचा परिणाम मात्र त्याच्या वर्गमुळाप्रमाणे होतो, म्हणजे दाब चौपट केला तरी पाणी फक्त दुप्पट होते. पुढे ४.४ आणि मागे ३.२ मिलिमीटर अशी दोन नोझल असलेली तोटी चौरस सेंटिमीटरला २.५ किलो दाबावर सेकंदाला सुमारे ०.४९ लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण २९ लिटर पाणी देते. त्याच दाबावर फक्त ४ मिलिमीटरचे एकच नोझल असलेली तोटी सेकंदाला सुमारे ०.२६ लिटर, म्हणजे मिनिटाला जवळपास १६ लिटर पाणी देते. दोन्ही तोट्या बाहेरून सारख्याच दिसतात, दोन्ही त्याच रायझरवर बसतात, आणि तरीही एक दुसरीच्या जवळजवळ दुप्पट पाणी ओतते.

हे पाणी जमिनीवर कोणत्या वेगाने पडते, हे तोट्यांमधील अंतरावरून निघते. दोन तोट्यांमध्ये १२ मीटर आणि उपनळीच्या दोन लगतच्या मांडण्यांमध्ये १२ मीटर अंतर असेल, तर प्रत्येक तोटीच्या वाट्याला १४४ चौरस मीटर क्षेत्र येते. तासाभरात तोटीतून पडणाऱ्या लिटरना या क्षेत्राने भागले की तासाला किती मिलिमीटर पाणी पडते तो आकडा मिळतो, कारण एक चौरस मीटरवर पडलेले एक लिटर पाणी म्हणजेच एक मिलिमीटर पाऊस. या हिशेबाने दोन नोझलची तोटी तासाला सुमारे १२ मिलिमीटर, तर ४ मिलिमीटरच्या एका नोझलची तोटी तासाला सुमारे ६.६ मिलिमीटर पाणी देते. हा पडण्याचा वेग जमिनीच्या शोषण्याच्या वेगापेक्षा कमी राहिला पाहिजे, ही तुषार सिंचनाची पहिली अट आहे आणि काळ्या जमिनीत ती पाळणे वाटते तितके सोपे नसते. भेगाळलेली कोरडी काळी जमीन सुरुवातीला भराभर पाणी पिते, त्यामुळे पहिला अर्धा तास सगळे ठीक दिसते. परंतु ओल लागताच चिकणमातीचे कण फुगतात, भेगा मिटतात आणि शोषणाचा वेग तासाला काही मिलिमीटरपर्यंत खाली येतो. म्हणून तोटी चालू केल्यावर लगेच पाहून उपयोग नाही, तर दोन तासांनी सरींच्या तळाशी पाणी चकाकू लागले आहे का आणि उताराच्या खालच्या बांधाशी गढूळ ओघळ जमतो आहे का, हे पाहावे लागते. असा ओघळ दिसला, तर वरच्या भागासाठी मोजून दिलेले पाणी खालच्या भागात जाऊन साचते आहे, आणि मग तोट्या कितीही नेमकेपणाने फिरत असल्या तरी वाटप विषम होते.

मुरमाड जमिनीचे गणित वेगळे आहे. तेथे शोषण जलद असल्याने मोठ्या नोझलचा वेग सहज पचतो, पण उथळ थरात पाणी साठवण्याची जागाच कमी असते, त्यामुळे एका पाळीत जास्त पाणी दिले तर ते मुळांच्या खाली निघून जाते. अशा तुकड्यात नोझल बदलण्यापेक्षा पाळीचा वेळ कमी करून पाळ्या जवळ आणणे अधिक योग्य ठरते. एकाच शेताचा वरचा भाग मुरमाड आणि खालचा काळा असेल, जे या तालुक्यात नेहमीचे आहे, तर दोन्ही भागांना एकच वेळ संच चालवणे ही सोय असली तरी पाण्याची नासाडीच असते.

हा विचार प्रत्यक्ष मांडणीत कसा उतरतो, हे एका शेताचा हिशेब मांडल्यावर स्पष्ट होते. ९६ मीटर रुंद आणि १२० मीटर लांब, म्हणजे तीन एकरांना थोडे कमी असलेले मध्यम काळ्या जमिनीचे शेत, त्यात हरभरा, आणि विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप, जो सुमारे ४५ मीटर एकूण उंचीला सेकंदाला चार लिटर पाणी देतो, असे धरू. ही ४५ मीटर उंची म्हणजे निव्वळ विहिरीची खोली नव्हे. नोझलपाशी लागणारा २.५ किलोचा दाब हाच २५ मीटर उंचीइतका असतो, आणि त्यात विहिरीतील पाण्याची खोली, शेताचा चढ, रायझरची उंची व पाइपांमधील घर्षण यांची भर पडते. उपनळीवर १२ मीटरवर एक याप्रमाणे आठ तोट्या बसतात आणि अशा दहा मांडण्यांत शेत पूर्ण होते. हरभऱ्याला फुले येण्यापूर्वी आणि पुढे घाटे भरताना पाणी देण्याची शिफारस असते. अशा एका पाळीत मुळांच्या थरात ४० मिलिमीटर पाणी मुरवायचे असेल आणि बाष्पीभवन, वारा व विषम वाटप यांमुळे शंभरातले वीस भाग कामी येणार नाहीत असे धरले, तर तोट्यांतून ५० मिलिमीटर पाणी सोडावे लागते.

दोन नोझलच्या आठ तोट्यांची एक ओळ पंपाचे जवळपास सगळे पाणी घेते आणि ५० मिलिमीटर पाणी चार तास दहा मिनिटांच्या आसपास देते. म्हणजे शेतीच्या विजेच्या साधारण आठ तासांच्या पाळीत दोन मांडण्या होतात आणि शेत पाच दिवसांत भिजते. याउलट ४ मिलिमीटरच्या एका नोझलच्या सोळा तोट्या दोन लगतच्या ओळींत एकाच वेळी चालवल्या, तर त्यांनाही सेकंदाला सव्वाचार लिटरच पाणी लागते, तेच ५० मिलिमीटर पाणी साडेसात तासांत पडते आणि दिवसाला दोन ओळी म्हणजे तेवढेच क्षेत्र भिजून शेत पाचच दिवसांत संपते. पंप तोच, पाणी तेवढेच आणि दिवसही तेवढेच. बदलतो तो पाणी पडण्याचा वेग, जो जवळपास निम्मा होऊन काळ्या जमिनीला मानवतो. दुसरा फरक माणसांच्या दृष्टीने मोठा आहे. पहिल्या मांडणीत पाळीच्या मध्येच, चार तास भिजलेल्या चिकट जमिनीत शिरून पाइप सुटे करून पुढे न्यावे लागतात, गुडघ्यापर्यंत चिखल होतो आणि पायाखाली पीकही तुडवले जाते. दुसऱ्या मांडणीत पाइप दिवसातून एकदाच, वीज गेलेली असताना आणि जमीन थोडी निवळल्यावर हलवता येतात. त्यासाठी पाइपांची एक जादा ओळ आणि आठ जादा तोट्या विकत घ्याव्या लागतात, हा खर्च खरा आहे. परंतु काळ्या जमिनीत हरभरा घेणाऱ्याने संच निवडताना पाइपच्या जाडीची जितकी चौकशी केली जाते तितकी तरी या पर्यायाची करायला हवी.

येथेच सर्वांत जास्त आढळणारी चूक घडते. दोन ओळी मांडण्याचे ठरते, पण नोझल मात्र मूळचीच राहतात. म्हणजे ज्या पंपावर दोन नोझलच्या आठ तोट्या चालत होत्या त्याच पंपावर तशाच सोळा तोट्या चढवल्या जातात. पंप थोडे जास्त पाणी देतो, पण दुप्पट देऊ शकत नाही, त्यामुळे नोझलपाशी दाब घसरतो. वरील उदाहरणात तो अडीच किलोवरून सव्वा किलोच्या आसपास येतो. तोट्या फिरत राहतात, पाणी उडताना दिसते, म्हणून लांबून पाहणाऱ्याला बिघाड जाणवत नाही. प्रत्यक्षात कमी दाबावर धार नीट फुटत नाही, थेंब मोठे राहतात आणि त्यांतले बरेचसे तोटीपासून दूर, एका कड्यात पडतात, तर रायझरभोवतीचा भाग तुलनेने कोरडा राहतो. मोठे थेंब उघड्या काळ्या मातीवर आपटून वरचा थर घट्ट करतात, ज्यामुळे शोषणाचा वेग आणखी कमी होतो. याच्या उलट दाब प्रमाणाबाहेर जास्त असेल, तर धारेचे धुके होते, बारीक थेंब तोटीजवळच उतरतात किंवा वाऱ्याबरोबर उडून जातात आणि दोन तोट्यांच्या मधला भाग उपाशी राहतो.

दाब मोजण्यासाठी नोझलच्या तोंडाशी धरायची वाकडी नळी लावलेला दाबमापक मिळतो. तो नसेल तर बादली आणि घड्याळ यांवरही काम भागते. नोझलवर सैल बसेल असा रबरी पाइपचा तुकडा धरून धार वीस लिटरच्या बादलीत वळवावी आणि बादली भरायला लागणारा वेळ मोजावा. दोन नोझल असतील तर दोन तुकडे एकाच बादलीत सोडावेत. २.५ किलो दाबावर ४ मिलिमीटरचे नोझल ही बादली सुमारे ७५ सेकंदांत भरते, तर ४.४ व ३.२ मिलिमीटरची जोडी सुमारे ४१ सेकंदांत भरते. त्या जोडीला ५८ सेकंद लागत असतील, तर पाणी जवळपास सात दशांशावर आले आहे आणि वर्गमुळाच्या नियमाने दाब निम्मा उरला आहे. बादली अपेक्षेपेक्षा लवकर भरत असेल, तर मात्र आनंद मानण्याचे कारण नाही, कारण बहुधा नोझल झिजलेले असते. नाल्याच्या पाण्यातील बारीक वाळू छिद्राची कड खाते, आणि ४ मिलिमीटरचे छिद्र ४.४ मिलिमीटर झाले की त्यातून एक पंचमांशाहून जास्त जादा पाणी जाते. हे तपासण्यासाठी मूळ मापाच्या ड्रिल बिटची गुळगुळीत दांडी छिद्रात घालून पाहावी. ती घट्ट न बसता डगमगली तर नोझल बदलायला झाले आहे. एकाच ओळीत काही नवी आणि काही झिजलेली नोझल असणे, किंवा हरवलेल्या नोझलच्या जागी हाताला लागेल त्या मापाचे बसवणे, ही विषमतेची साधी आणि टाळता येण्यासारखी कारणे आहेत.

ओळीच्या सुरुवातीच्या व शेवटच्या तोटीतील दाबाचा फरक वीस टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, असा आरेखनाचा मान्य नियम आहे. तेवढ्या फरकाने पाण्यात सुमारे दहा टक्क्यांचाच फरक पडतो. सपाट प्रदेशात हा नियम पाळताना पाइपमधील घर्षणाची चिंता करतात, पण वरील शेतात ७५ मिलिमीटरच्या पाइपमधून आठ तोट्यांच्या ओळीत घर्षणाने जेमतेम एक मीटर उंचीइतका दाब जातो, जो २५ मीटरच्या तुलनेत नगण्य आहे. माहूरकडे खरा प्रश्न उताराचा आहे. नव्वद मीटरच्या ओळीत पाच मीटरचा उतार असेल, आणि डोंगराकडच्या शेतांत तो असतो, तर नुसत्या उतारानेच दाबात वीस टक्के फरक पडून नियमाची मर्यादा संपते. खालच्या तोट्या जास्त पाणी देतात आणि जेथे आधीच वरून पाणी उतरते तेथेच आणखी पाणी पडते. म्हणून उपनळी उताराला आडवी, शक्य तितकी समपातळीत टाकावी आणि मुख्य नळी उताराच्या दिशेने न्यावी. असे केल्यावर प्रत्येक मांडणीचा दाब वेगळा येतो, पण एका ओळीतील सर्व तोट्यांचा सारखा राहतो, आणि ओळीच्या तोंडाशी असलेली झडप कमीजास्त उघडून तो हव्या त्या आकड्यावर आणता येतो.

तोट्यांमधील १२ मीटर अंतराचे मूळ पाइपच्या सहा मीटर लांबीत आहे, कारण दोन पाइपांनंतर एक तोटी लावणे सोयीचे असते. तरीही ते अंतर योग्य आहे की नाही, हे तोटी किती रुंद वर्तुळ भिजवते आणि वारा किती आहे यांवरून ठरवावे लागते. एकट्या तोटीचे पाणी जवळ जास्त आणि कडेला कमी होत जाणारे असते, त्यामुळे शेजारच्या तोट्यांची वर्तुळे एकमेकांवर चांगली चढली तरच बेरीज सारखी होते. वारा अगदी शांत असेल तर भिजणाऱ्या व्यासाच्या साठ टक्क्यांपर्यंत अंतर चालते, ताशी सातपासून तेरा किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यात ते पन्नास टक्क्यांवर आणावे लागते आणि त्याहून जोराच्या वाऱ्यात तीस टक्क्यांवर. ४ मिलिमीटरचे नोझल २.५ किलो दाबावर सुमारे २६ मीटर व्यासाचे वर्तुळ भिजवते, त्यामुळे १२ मीटर हे अंतर मध्यम वाऱ्यापर्यंत पुरते. पाइप वाचवण्यासाठी ओळींमधले अंतर तीन पाइपांचे, म्हणजे १८ मीटर केले, तर प्रमाण सत्तर टक्क्यांच्या जवळ जाते आणि दोन ओळींच्या मधोमध कोरडा पट्टा राहणे जवळपास निश्चित होते. हिवाळ्यात पहाटे व रात्री वारा पडलेला असतो, दुपारी तो वाढतो. म्हणून दुपारी चालवलेली मांडणी आणि पहाटे चालवलेली मांडणी यांत एकाच संचाने वेगवेगळे वाटप होते. उन्हाळी भुईमुगाला तुषारने पाणी देणाऱ्यांना हा फरक अधिक तीव्रतेने जाणवतो.

वाटप किती सारखे आहे हे आकड्यात सांगण्याची पद्धत जे. ई. ख्रिस्तियनसेन या अभियंत्याने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या १९४२ सालच्या पुस्तिकेत मांडली, आणि शेतात ती वापरण्यासाठी सारख्या तोंडाचे सोळा डबे पुरतात. चार तोट्यांमधल्या १२ मीटर बाय १२ मीटरच्या चौकोनात, कडेपासून दीड मीटर आणि पुढे तीन तीन मीटर अंतरावर, चार ओळींत चार डबे याप्रमाणे ते पिकाच्या वर तोंड येईल असे सरळ ठेवावेत. पाणी बंद होताच प्रत्येक डब्यातले पाणी मोजून त्याचे मिलिमीटर करावेत. डब्याचे तोंड दहा सेंटिमीटर व्यासाचे असेल तर जवळपास आठ मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर. दोन ओळी एकदम चालत असतील तर एकाच वेळी मोजणी होते. एकच ओळ असेल तर डबे न हलवता ती पुढच्या जागी नेऊन तेवढाच वेळ चालवावी आणि दोन्ही वेळचे पाणी एकत्र मोजावे.

सव्वा किलो दाबावर चाललेल्या त्या सोळा तोट्यांच्या मांडणीत सव्वा तासानंतर डब्यांत पहिल्या ओळीत ७, ९, ९, ६, दुसऱ्या ओळीत १०, १५, १४, १०, तिसऱ्या ओळीत ९, १४, १५, १० आणि चौथ्या ओळीत ६, १०, ९, ७ मिलिमीटर पाणी मिळाले, असे उदाहरणादाखल धरू. बेरीज १६० आणि सरासरी १० मिलिमीटर येते. प्रत्येक डबा सरासरीपासून कितीने वर किंवा खाली आहे ते चिन्ह न पाहता मिळवले, तर ३६ मिळतात. ३६ ला १६० ने भागून तो भाग एकमधून वजा केला की समानतेचा गुणांक ०.७७५, म्हणजे ७७.५ टक्के येतो. शेतपिकांसाठी हा आकडा ८५ च्या आसपास असावा अशी अपेक्षा असते. आकड्यापेक्षाही त्याची मांडणी जास्त बोलते : चारही कोपरे, म्हणजे रायझरजवळच्या जागा कोरड्या आणि मधले चार डबे भरलेले असतील, तर दाब कमी आहे, उलट कोपरे भरलेले आणि मध्य कोरडा असेल, तर अंतर जास्त आहे किंवा दाब प्रमाणाबाहेर आहे, एकाच बाजूचे डबे भरलेले असतील, तर वारा किंवा तिरपा उभा असलेला रायझर कारणीभूत आहे. रायझर तिरपा असणे ही मऊ झालेल्या काळ्या जमिनीत रोजची बाब आहे आणि ती दुरुस्त करायला दोन लाकडी खुंट्या पुरतात.

सर्वांत कोरड्या चार डब्यांची सरासरी घेतली तर ती ६.५ मिलिमीटर, म्हणजे एकूण सरासरीच्या ६५ टक्के भरते, आणि पाण्याचा खरा हिशेब या आकड्यावरून लागतो. शेतातल्या कोरड्या चतुर्थांश भागालाही ४० मिलिमीटर पाणी मिळावे असे ठरवले, तर या वाटपात सरासरी साडेएकसष्ट मिलिमीटर पाणी द्यावे लागेल. हेच प्रमाण ८० टक्के असते तर ५० मिलिमीटर पुरले असते. साडेअकरा मिलिमीटरचा हा फरक तीन एकरांच्या त्या शेतात एक लाख तीस हजार लिटरांवर जातो, म्हणजे पंपाची नऊ तासांची, विजेच्या एका पाळीहून मोठी चाल केवळ विषमता झाकण्यासाठी खर्च होते. शिवाय साडेएकसष्ट मिलिमीटर सरासरी देताना मधल्या डब्यांच्या जागी ९० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते, आणि हरभरा उभळतो तो नेमका तेथेच. शेतात ठरावीक अंतराने पिवळे गोल पट्टे दिसले की मर रोगाचे औषध आणण्यापूर्वी ते पट्टे रायझरपासून किती मीटरवर येतात हे पावलांनी मोजून पाहावे. दर १२ मीटरला तोच नमुना परत येत असेल तर रोगाआधी संचाची तपासणी करणे योग्य, कारण रोगाची लागण अशी समान अंतरावर मांडलेली नसते.

अशा शेतात दुरुस्तीचा पहिला टप्पा म्हणजे सोळाही तोट्यांची पुढची नोझल ४ मिलिमीटरची करून मागचे तोंड बुचाने बंद करणे, ज्यामुळे पंप पुन्हा अडीच किलोच्या दाबावर येतो. मागचे नोझल बंद केल्याने रायझरजवळचे पाणी थोडे कमी होऊ शकते, म्हणून बदलानंतर डब्यांची चाचणी परत घेणे आवश्यक आहे. केवळ नोझल नवे आहे म्हणून वाटप सुधारले असे मानता येत नाही. तोटी अर्ध्या ते एका मिनिटात एक फेरी पूर्ण करते की नाही आणि दरवेळी त्याच जागी अडखळते का, हेही याच वेळी पाहून घ्यावे, कारण कमी झालेल्या प्रवाहाला स्प्रिंगचा जुना ताण जड जाऊ शकतो.

नोझल बदलणे त्या हंगामात शक्य नसेल, तर खर्चाशिवाय होणारी एक सोय उरते. पहिल्या पाळीत उपनळ्या जेथे होत्या त्यांच्या बरोबर मधोमध, म्हणजे सहा मीटर सरकवून, दुसऱ्या पाळीत त्या मांडाव्यात. मुख्य नळीवर एका पाइपचा फरक केला की ही मांडणी जमते. पहिल्या वेळी जो भाग जास्त भिजला त्याच्या जागी दुसऱ्या वेळी कमी पाणी येते, आणि दोन पाळ्यांच्या बेरजेचा समानता गुणांक मूळ टक्केवारीच्या वर्गमुळाच्या दहापट धरता येतो, म्हणजे ७७.५ टक्क्यांवरून तो सुमारे ८८ टक्क्यांवर जातो. ही सुधारणा दोन पाळ्यांच्या एकत्रित पाण्यापुरतीच असते, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते : फुलांपूर्वीच्या पाळीत कोरडा राहिलेला झाडांचा गट घाटे भरताना मिळालेल्या जादा पाण्याने ती उणीव पूर्णपणे भरून काढू शकत नाही, आणि विहिरीत एकाच पाळीचे पाणी असलेल्या वर्षी या युक्तीचा काहीच उपयोग होत नाही, तेव्हा दाब आणि नोझल यांची तपासणी हरभऱ्याची पहिली पाळी सुरू होण्याआधीच व्हायला हवी.